उन्हाळ्यात पोट का घट्ट होते?



कारखान्याचा पट्टा पडला की आपली खोडव्याची कामे सुरू होतात. बुडखे छाटणे, बगला फोडणे, पाचट सरीत दाबणे, खत घालून पाणी देणे, ही सगळी ऐन चैत्र-वैशाखाची कामे. या दिवसांत गटात फिरताना उसाबरोबर दुसरी एक तक्रार कानावर येते. माणसे जरा लाजतच सांगतात, "साहेब, चार दिवस परसाकडला खडा होतोय." मी काही डॉक्टर नव्हे, पण पाण्याचा हिशेब हा माझ्या रोजच्या कामाचा विषय, आणि इथेही मूळ भानगड पाण्याचीच आहे.

आपण खाल्लेले अन्न मोठ्या आतड्यात येते तेव्हा ते पातळ असते. तिथे आतड्याची भिंत त्यातले पाणी आणि मीठ परत अंगात ओढून घेते. अंगात पाणी पुरेसे असेल तर मळात थोडा ओलावा शिल्लक राहतो. पण घामाने पाणी कमी पडले की शरीर लघवी आखडते आणि आतड्यातलेही पाणी जास्त ओढून घेते. वाफसा गेलेल्या जमिनीची ढेकळे होतात, तसा मळ कडक होतो. शिवाय मळ जितका वेळ आत थांबतो तितका आणखी सुकतो. म्हणून उन्हात जायच्या घाईत लागलेली कळ दाबून ठेवली की दुहेरी नुकसान होते.

आमच्या गटातील एका सभासदांचे उदाहरण घ्या. त्यांना आम्ही आबा म्हणतो. त्यांना गट ऑफिसातील काट्यावर सकाळी सातला उभे केले, वजन भरले 64 किलो. बारा वाजेपर्यंत त्यांनी पाचट ओढले, मध्ये लिटरभर पाणी प्याले, लघवीला एकदाही गेले नाहीत. परत आल्यावर अंग पुसून वजन केले, साडेबासष्ट. म्हणजे दीड किलो घटले आणि प्यालेले लिटरभरही गेले. पाच तासांत अडीच लिटर घाम. आबा म्हणाले, "अहो, घरी गेल्यावर तांब्याभर पितोच की!" तांब्याभराने दीड लिटरची तूट कशी भरणार?

यावर आबांना सांगितले ते असे. कामाला लागण्यापूर्वी एक-दोन पेले पाणी प्यावे, आणि कामात दर वीस मिनिटांनी पेलाभर, तहानेची वाट न बघता. मात्र तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नये. घामातून मीठही जाते, आणि नुसते पाणी ढोसत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होऊन डोके दुखते, मळमळते, क्वचित झटकेही येतात. थोडे मीठ पोटात गेले तर प्यालेले पाणी अंगात टिकते, नाहीतर बरेचसे लघवीवाटे निघून जाते. दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ घाम गाळायचा असेल तर लिटरभर पाण्यात पाव चमचा मीठ, दोन चमचे साखर आणि लिंबू पिळून न्यावे. चमचा चहाचा, सपाट. पातळ ताकात चिमूटभर मीठ घातले तरी चालते. बाकीचे मीठ भाकरी-आमटीतून मिळतेच. मिठाच्या गोळ्या खाऊ नयेत.

तूट भरली की नाही हे लघवी सांगते. फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद पिवळी असेल तर पाणी कमी.

आबांनी आधी एक चूक केली होती, ती बरेच जण करतात. पोट साफ व्हावे म्हणून त्यांनी एरंडेल घेतले. जुलाब झाले, अंगातले उरलेसुरले पाणी आणि मीठ गेले, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. इसबगोल घ्यायचा तर भरपूर पाण्याबरोबरच. ते पाण्याने फुगते, कोरडे घेतले तर आतच अडकायची भीती. पाण्याचा क्रम बसल्यावर पाचव्या दिवशी आबांची तक्रार मिटली.

पण पाणी हे सगळ्यावर औषध नाही. लघवी आठवडाभर फिकट राहूनही मळ कडकच असेल, तर आणखी पाणी ओतून उपयोग नाही. तेव्हा कारण दुसरे शोधावे: जेवणात पालेभाजी, कडधान्य कमी असेल, किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी मीठ-पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदलावे. मळात रक्त दिसले, पोट फुगून वारा सरेनासा झाला, उलट्या होऊ लागल्या, तर घरगुती उपाय करीत बसू नये, दवाखाना गाठावा. आणि उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच गाडी काढा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

– ऊस विकास अधिकारी