झोपेला चाल असते, मुंगीला चार मात्रा!

समजा, तुमच्या ताईची दोन वर्षांची पोरगी रात्री अकरा वाजले तरी झोपत नाहीये. मोबाइलवरची गाणी लावली की ती आणखीच जागी होते. ताई वैतागून मेसेज टाकते, "तू कविता करतोस ना? मग हिला झोपवायला एक लिही. प्राणी हवेत. आणि आईला, बाबाला, आजीला, सगळ्यांना म्हणता आली पाहिजे."

तुम्ही वही उघडता आणि मोर-चोर, ससा-कसा, हत्ती-बत्ती अशी यमकांची यादी करायला बसता. बहुतेक जण इथेच चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. झोपवायच्या कवितेत यमक नंतर येतं. त्याआधी येतं थोपटणं.

लहान मुलाला झोपवताना हात पाठीवर ठरावीक अंतराने पडतो. शब्दांनी त्या हाताबरोबर चाललं पाहिजे. शब्दाची सुरुवात थोपटण्यावर पडली, तर हात आपोआप चालत राहतो. दोन थोपटण्यांच्या मध्येच शब्द लटकला, तर म्हणणारा अडखळतो, हात थांबतो आणि पोरगी डोळे उघडून बघते. म्हणून प्राणी निवडताना आधी त्याचं वजन करायचं.

हे वजन मात्रांमध्ये मोजतात. अ, इ, उ हे ऱ्हस्व स्वर असलेलं अक्षर एक मात्रेचं. आ, ई, ऊ, ए, ओ असे दीर्घ स्वर असले की दोन मात्रा. अक्षरावर उच्चारला जाणारा अनुस्वार असला किंवा पुढच्या जोडाक्षराचा जोर त्याच्यावर येत असला, तर ऱ्हस्व अक्षरही दोन मात्रांचं होतं. म्हणून 'मुंगी' दोन आणि दोन, एकूण चार. 'हत्ती'मधल्या 'ह'वर 'त्त'चा जोर येतो, त्यामुळे तीही चार.

आता प्राण्यांना रांगेत उभं करा. मोर, वाघ, गाय, उंट, ससा, हरण हे सगळे तीन मात्रांचे. मुंगी, हत्ती, घोडा, माकड, मांजर, कासव, अस्वल, चिमणी हे चार मात्रांचे. कावळा, बेडूक, उंदीर, कोकरू, वासरू हे पाच मात्रांचे. गंमत बघा, अंगाने केवढाही असो, उंट तीन मात्रांत आटोपतो आणि एवढासा उंदीर पाच मात्रा खातो.

थोपटण्यासाठी सगळ्यात सोपी चाल चार-चार मात्रांची. ओळीत चार वेळा हात पडतो, म्हणजे एकूण सोळा मात्रा. आठ-आठ मात्रांचे दोन तुकडे असलेल्या अशा सोळा मात्रांच्या रचनेला मराठीत 'पादाकुलक' म्हणतात. माधव जूलियन यांचा 'छंदोरचना' हा जाडजूड ग्रंथ अशाच मोजमापांबद्दल आहे. पण आत्ता तुम्हाला ग्रंथ नको, उशी पुरेल. तिच्यावर हळूहळू हात मारत पुढची ओळ म्हणा.

झाडाखाली झोपले हरण

मात्रा मोजल्या तर हिशेब चोख आहे. झाडाखाली आठ, झोपले पाच, हरण तीन, एकूण सोळा. तरीही तिसऱ्या थोपटण्यानंतर गडबड होते. 'झोपले' पाच मात्रांचं असल्यामुळे चौथा हात 'ले'च्या पोटात पडतो आणि 'हरण' मागून धावत येतं. आता फक्त क्रियापद बदला.

झाडाखाली निजले हरण

'निजले' चार मात्रांचं. ओळ आता पंधरा मात्रांची झाली, म्हणजे कागदावर एक मात्रा कमी पडली, तरी ती अडखळत नाही. कारण झाडा, खाली, निजले, हरण यातला प्रत्येक तुकडा हाताबरोबर सुरू होतो. उरलेली एक मात्रा श्वासाची. ओळीच्या शेवटी अशी छोटी विश्रांती झोपेच्या कवितेला चांगलीच मानवते. थोडक्यात, बेरीज जमणं आणि ताल जमणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

'निजणे' या क्रियापदाचा आणखी एक फायदा आहे. मोर निजला, मुंगी निजली, हरण निजले. लिंग बदललं तरी मात्रा चारच राहतात. त्यामुळे साच्यात कुठलाही प्राणी घालून बघता येतो.

पण नावाला प्रत्यय लागला की साचा मोडतो. मोर तीन मात्रांचा, 'मोराला' सहाचा. उंदीर पाचाचा, पण 'उंदराला' म्हटलं की मधला 'दी' ऱ्हस्व होऊन जातो आणि तरी एकूण सात मात्रा होतात. ससा तर 'सशाला' होताना 'कसा'बरोबरचं यमकही सोडतो. म्हणून ज्या प्राण्यावर यमक टांगायचं आहे, त्याला विनाप्रत्यय ठेवा. कोणाला काय दिलं यापेक्षा कोण निजलं हे सांगणं सोपं जातं.

आता यमकाकडे वळू. आपल्या हरणाला जोडी शोधा बरं. चरण, धरण, शरण, आणि मग मरण, सरण! दोन वर्षांच्या मुलीला झोपवताना यातलं एकही कामाचं नाही. अशा वेळी यमकासाठी अर्थाची ओढाताण करण्यापेक्षा प्राणी बदलावा. फक्त बदली खेळाडू त्याच वजनाचा हवा. हरण तीन मात्रांचं, तसाच मोरही. मोराबरोबर पोर, दोर, कोर असे कितीतरी शब्द येतात. हरण झाडाखाली होतं, मोर झाडावर जातो.

झाडावरती निजला मोर,
चंद्राची ती पिवळी कोर.

खरी लॉटरी लागते ती मुंगीला. तिच्याबरोबर पुंगी, लुंगी आणि चक्क गुंगी येते. झोपेच्या कवितेत झोपेचाच शब्द यमकात मिळाला, तर तो सोडू नका.

निजली मुंगी, आली गुंगी,
थांबव आता, बाबा, पुंगी.

उलट अस्वलाला धड यमकच मिळत नाही. म्हणून त्याला कवितेबाहेर काढायची गरज नाही. त्याला ओळीच्या सुरुवातीला बसवा आणि शेवटची जागा घोड्याला द्या. घोड्याकडे थोडा, जोडा, सोडा अशी रांग आहे.

अस्वल निजले, निजला घोडा,
आता दंगा आवर थोडा.

एक सावधगिरी. ससा आणि मासा ही जोडी वहीत छान दिसते, पण मोठ्याने म्हटली की लंगडते. दोन्हींच्या शेवटी 'सा' आहे हे खरं, पण त्याआधीचा स्वर एकीकडे 'अ' आणि दुसरीकडे 'आ' आहे. ससा-कसा, मासा-खासा या जोड्या कानाला पुरी भेट देतात. वजनही बघा, ससा तीन मात्रांचा आणि मासा चारचा.

मग पोरगी म्हणते, "डायनोसॉर पण!" मात्रा मोजाल तर 'डायनोसॉर' आठ मात्रांचा होतो आणि दुसरा हात 'नो'च्या मध्ये पडतो. पण तुम्ही तो बोलता कसा? 'डाय' आपण पटकन एका झटक्यात म्हणतो, पूर्ण तीन मात्रा लावत नाही. डायनो आणि सॉर असे दोन तुकडे पडतात आणि दोन हातांवर नीट बसतात. 'झोपला आता डायनोसॉर' अडखळेल, 'निजला आता डायनोसॉर' चालेल. मात्रेचे नियम उच्चारावरून आले आहेत. लिहिलेलं आणि बोललेलं भांडायला लागलं, तर या कवितेपुरतं तोंडाचं ऐका. मोर आणि सॉर हे काटेकोर यमक नाही. पण डायनोसॉर मिळाल्यावर ऐकणारी त्याबद्दल तक्रार करणार नाही.

राहिले पाच मात्रांचे प्राणी. कोकरू किंवा वासरू चार-चारच्या चालीत घातलं की दरवेळी हात शब्दाच्या पोटात पडतो. त्यांना कापून छोटं करण्यापेक्षा त्यांच्यासाठी चालच बदला. नीट बघा, वासरू, पाखरू, कोकरू या सगळ्यांची ठेवण एकसारखी आहे. दोन, एक, दोन. कवी त्याला 'गालगा' म्हणतात, 'गा' म्हणजे दोन मात्रा आणि 'ल' म्हणजे एक. सगळ्यांच्या शेवटी 'रू' आहे. आणि मघाशी ज्याने हरणाची ओळ बिघडवली, ते 'झोपले' हेसुद्धा बरोबर गालगा आहे! तिथे नापास झालेला शब्द इथे पहिला येतो.

झोपले वासरू, झोपले पाखरू,
झोपले कोकरू, झोपले लेकरू.

ओळीत चार वेळा गालगा आला की संस्कृतातून मराठीत आलेलं 'स्रग्विणी' हे वृत्त तयार होतं. नाव भारदस्त आहे, पण साहित्य सगळं गोठ्यातलं आणि घरातलंच. इथे पाच मात्रांना एक हात पडतो, त्यामुळे थोपटणं संथ होतं, पाळण्याच्या लांब झोक्यासारखं. यात 'वासरू' म्हणताना मधला 'स' पूर्ण म्हणा. बोलण्यात आपण 'वास्रू' म्हणून मोकळे होतो, गाण्यात तो 'स' आपली मात्रा परत मागतो. शेवटी 'झोप रे लेकरू' असं लिहायचा मोह होईल. पण हाक मारताना 'लेकरू'चं 'लेकरा' होतं आणि यमक जातं. म्हणून 'झोपले लेकरू' हेच बरं. ती अजून टक्क जागी असली तरी!

या दोन चाली एकाच कवितेत मिसळू नका. चारची सवय लागलेल्या हाताला अचानक पाच मिळाले की तो गोंधळतो. आधी मुंगी, मोर, घोडा म्हणा. दंगा ओसरला की थोडं थांबा आणि मग वासरू सुरू करा.

शेवटची परीक्षा स्वतः देऊ नका. ओळी तुमच्याच असल्यामुळे तुम्ही नकळत त्या सावरून घेता, एखादा स्वर ओढता, एखादा गिळता. कागद रूममेटच्या किंवा आजीच्या हातात द्या, चाल सांगू नका आणि पहिल्यांदाच मोठ्याने वाचायला लावा. जिथे वाचणारा मागे जाऊन शब्द पुन्हा उचलतो, तिथे पेन्सिलने खूण करा. त्या जागी बहुतेक वेळा पाच मात्रांचं कोणीतरी चारच्या जागेत घुसलेलं सापडेल.