सुरमईच्या तुकडीचा खरा हिशेब

मालवणी खानावळीत सुरमई थाळी 450 रुपयांना मिळते, असे धरू. सुरमई बाजारात 800 रुपये किलो. मालकाच्या डोक्यातला हिशेब सरळ असतो: 120 ग्रॅमची तुकडी म्हणजे 96 रुपये, वर भात, भाकरी, सोलकढी, रवा, मसाला, तेल मिळून 44. एकूण 140. म्हणजे शंभरातले 31 रुपये कच्च्या मालात गेले. हॉटेलवाले यालाच फूड कॉस्ट म्हणतात, आणि 31 टक्के म्हटल्यावर कुणाची झोप उडत नाही.

पण 800 रुपये किलोने येते ती अख्खी सुरमई. कल्ले, पोट, डोके, शेपूट गेल्यावर चार किलोच्या माशातून तुकड्यांजोगे 2.8 किलो हाती लागले, तर 30 टक्के घट झाली. इथे बरेच जण 800 वर 30 टक्के चढवून 1040 चा भाव काढतात. ते चुकते. दिलेले 3200 रुपये उरलेल्या 2.8 किलोवर वाटायचे असतात, आणि तसा भाव 1143 रुपये पडतो. डोके कालवणात जाते, त्याचे 120 रुपये वजा केले तरी 1100 राहतोच. मात्र ती वजावट घेतली की कालवणाच्या खर्चात डोक्याचे 120 रुपये धरावे लागतात. बऱ्याच वह्यांत ते कुठेच सापडत नाहीत.

आता सुरी. 2.8 किलोत 120 ग्रॅमच्या 23 तुकड्या पडायला हव्यात. पण मासा काही एकाच घेराचा नसतो. मधली तुकडी रुंद, शेपटीकडची चिंचोळी. सगळ्या सारख्याच जाडीच्या कापल्या की मधल्या 150 ग्रॅमवर जातात. शेपटीकडच्या इतक्या लहान निघतात की ताटात वाढायची लाज वाटते, म्हणून त्या कालवणात जातात. अशा वेळी थाळीजोग्या तुकड्या 20 च भरतात. त्यातली एक तव्यावर मोडते किंवा रात्री उरते. विकल्या गेल्या 19.

डोके वजा जाता माशाचे 3080 रुपये या 19 थाळ्यांनी उचलायचे, म्हणजे दर थाळीला 162. त्यात 44 मिळवले की 206. फूड कॉस्ट झाली जवळपास 46 टक्के! मेनूतल्या 450 मध्ये जीएसटी धरलेला असेल तर आकडा आणखी चढतो, कारण कर बाजूला काढूनच भागाकार करायचा.

थाळीचा भाव वाढवण्याआधी वजनकाटा पाहावा. मासा साफ झाल्यावर एकदा वजन, मग शेपटीकडे जाताना तुकडी जाड करत कापणे, आणि मसाला लावण्याआधी दोन-चार तुकड्या काट्यावर टाकणे. तळल्यावरचे वजन इथे उपयोगाचे नाही, कारण पाणी उडालेले असते. 23 तुकड्या पडून 22 विकल्या गेल्या, तर तीच थाळी 184 रुपयांत बसते, म्हणजे 41 टक्के. 31 मात्र कधीच नव्हते.