चरबीचे तीन आकडे

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. स्कॅनमध्ये मात्र युडकिन यांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांना मधुमेह का गाठतो, याचा एक धागा त्या फोटोत होता. तेव्हा वजनापलीकडे जाऊन चरबी मोजावीशी वाटणं रास्तच आहे. अडचण एवढीच, की जिवंत माणसाची चरबी काढून तोलता येत नाही. प्रत्येक साधन मोजतं भलतंच काही आणि त्यावरून चरबीचा हिशेब मांडतं.

सगळ्यात जुना मार्ग कॅलिपरचा, म्हणजे कातडीची घडी मोजायच्या चिमट्याचा. दंडाच्या पुढे, दंडाच्या मागे, पाठीवर फऱ्याच्या खाली आणि कमरेच्या हाडाच्या वर अशा चार जागी घडी धरतात. स्नायू सोडून फक्त कातडी आणि तिच्याखालची चरबी बोटांत आली पाहिजे. चिमटा बोटांपासून एक सेंटिमीटरवर लावायचा आणि दोन सेकंदांनी वाचायचा. उशीर केला की घडी दबत जाते आणि काटा खाली सरकतो. जागा थोडी चुकली तरी आकडा बदलतो, म्हणून दर वेळी मोजणारा माणूस तोच असावा.

इथपर्यंत मिळतात ते मिलिमीटर. त्यांचे टक्के होतात सूत्राने. डर्निन आणि वोमर्स्ली यांनी ग्लासगोतल्या ४८१ स्त्री-पुरुषांच्या घड्या मोजल्या, पाण्याखाली वजन करून त्यांच्या शरीराची घनता काढली आणि १९७४ साली दोन्हींची सांगड घालून दिली. ते सूत्र आजही वापरात आहे. समजा, एका पुरुषाच्या चार घड्यांची बेरीज ६० मिलिमीटर भरली. वय ३९ असेल तर सूत्र सांगतं २३.५ टक्के. दुसऱ्या दिवशी त्याला चाळीस वर्षं पूर्ण झाली, की त्याच ६० मिलिमीटरचे होतात २७.१ टक्के! माणूस ७० किलोचा असेल तर एका रात्रीत अडीच किलो चरबी वाढली म्हणायची. वय वाढतं तशी पोटाच्या आतली चरबी वाढते आणि ती चिमट्यात येत नाही, म्हणून सूत्रात वयोगट पाडलेले आहेत. सरासरीला ते बरोबरच आहे, एकेकट्या माणसाला मात्र ते असं गमतीचं ठरतं. शिवाय याज्ञिकांसारख्या पुणेकराला ग्लासगोकरांचं माप कितपत बसेल, हाही प्रश्न उरतोच.

स्मार्ट काट्याचं काम विजेवर चालतं. एका पायातून सौम्य प्रवाह शिरतो आणि दुसऱ्या पायातून बाहेर पडतो. स्नायूंत पाणी भरपूर, तिथून तो सहज वाहतो. चरबी त्याला अडवते. अडथळ्यावरून पाणी, पाण्यावरून चरबीविरहित वजन आणि उरलेली ती चरबी, असा हा उलटा हिशेब आहे. प्रवाह मुख्यतः पायांतून जातो, त्यामुळे पोटाबद्दल काटा जे सांगतो तो बराचसा अंदाज असतो. अर्धा लिटर पाणी पिऊन लगेच उभे राहिलात, तर वजन वाढतं पण पोटातल्या त्या पाण्याने पायांतला अडथळा फारसा बदलत नाही, आणि काटा ते पाणी बव्हंशी चरबीच्या खात्यात टाकतो. परीक्षा घ्यायची असेल तर ॲपमध्ये आपली उंची तीन सेंटिमीटरने बदला आणि पुन्हा उभे राहा. शरीर तेच, टक्के वेगळे. पेसमेकर बसवलेल्यांनी या काट्यावर उभं राहू नये.

राहता राहिला डेक्सा स्कॅन. दोन वेगवेगळ्या शक्तींचे क्ष-किरण शरीरातून किती पार होतात, त्यावरून हाड, चरबी आणि बाकीचं मांस वेगळं केलं जातं. किरणोत्सर्ग एका दिवसात निसर्गातून मिळतो त्याहून सहसा जास्त नसतो. तरी गरोदरपणी हा स्कॅन टाळतात. तिघांत विश्वासार्ह हाच, पण अंतिम सत्य याच्याकडेही नाही. हाडाच्या आड असलेली चरबी त्याला दिसत नाही, शेजारच्या भागावरून तो ती धरून चालतो. दोन कंपन्यांची यंत्रं एकाच माणसाला वेगवेगळे टक्के देतात. एकाच यंत्रावरसुद्धा टक्काभर इकडेतिकडे होतं, म्हणून महिन्याभरात अर्धा टक्का उतरला याचा आनंद मानू नये.

घरी नोंद ठेवायची असेल तर कॅलिपरचे टक्के न काढता मिलिमीटरची बेरीज लिहा. काट्यावर सकाळी, लघवी करून, काही न खाता-पिता उभे राहा आणि रोजच्या आकड्याऐवजी आठवड्याची सरासरी बघा. आणि काट्याचा आकडा स्कॅनच्या आकड्याशी कधीही ताडून पाहू नका. तिथे पाच टक्क्यांचा फरक दिसला तरी शरीरात काहीच बदललेलं नसेल.