सिल्व्हर क्लोराइड पाण्यात किती विरघळतं?

मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका तयार होतो. शाळेच्या वहीत त्याच्यापुढे ‘अविद्राव्य’ असं लिहिलेलं असतं. तक्त्यातला आकडाही वरवर पाहता तेच सांगतो. हे घन विरघळून चांदीचे आणि क्लोराइडचे आयन सुटे होण्यासाठी २५ अंश सेल्सिअसला प्रमाणित गिब्ज ऊर्जाबदल, म्हणजे ΔG°, मोलमागे +५५.७ किलोज्यूल आहे. चिन्ह धन, म्हणजे क्रिया होणारच नाही, असं पुष्कळ विद्यार्थी समजतात. इथेच घोळ होतो.

‘प्रमाणित’ ही अट फार मोठी आहे. दोन्ही आयन लिटरमागे एक मोल इतके दाट असतील, तर क्रिया उलटी जाईल आणि साका पडेल, एवढंच ते धन चिन्ह सांगतं. शुद्ध पाण्यात मात्र सुरुवातीला हे आयन नसतातच, त्यामुळे घन विरघळू लागतं. आयन वाढतात तशी विरघळण्याची ओढ घटत जाते आणि प्रत्यक्ष ऊर्जाबदल शून्य झाला की समतोल येतो. त्या क्षणी दोन्ही आयनांच्या तीव्रतांचा गुणाकार म्हणजेच समतोल स्थिरांक K. त्याचं सूत्र असं:

ΔG° = −RT ln K

आता आकडे घालू. R म्हणजे ८.३१४ ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन, आणि तापमान T २९८ केल्विन. त्यांचा गुणाकार सुमारे २,४७८ ज्यूल होतो. R ज्यूलमध्ये आहे, म्हणून ऊर्जाही ज्यूलमध्येच हवी: ५५,७००. भागाकार २२.४८ येतो, म्हणजे ln K = −२२.४८. कॅल्क्युलेटरवर e चा हा घात काढला की K = १.७ × १०⁻¹⁰ मिळतो.

शुद्ध पाण्यात दोन्ही आयन सारखेच सुटतात, म्हणून K चं वर्गमूळ घ्यायचं: लिटरमागे १.३ × १०⁻⁵ मोल. एका मोलचं वजन १४३.३ ग्रॅम, तेव्हा लिटरभर पाण्यात सुमारे १.९ मिलिग्रॅम सिल्व्हर क्लोराइड विरघळतं. फार थोडं, पण शून्य नाही.

किलोज्यूलचे ज्यूल करायचे राहिले तर? भागाकार ०.०२२५ येतो आणि K जवळजवळ १. म्हणजे लिटरभर पाण्यात १४० ग्रॅमच्या वर सिल्व्हर क्लोराइड विरघळायला हवं! डोळ्यांसमोर साका दिसत असताना असं उत्तर आलं, की आधी एककं तपासावीत.

दुसरी काळजी ΔG° च्या अचूकतेची. K घातांकातून येतो, त्यामुळे या तापमानाला ΔG° मध्ये अवघा ५.७ किलोज्यूलचा फरक पडला तरी K दहापट बदलतो. अर्ध्या किलोज्यूलच्या चुकीनेही K सुमारे वीस टक्क्यांनी सरकतो. म्हणून उत्तर १.७ वर थांबवलं. पुढचे दशांश लिहिण्याइतका तक्त्यातला आकडा नेमका नसतो.