अटक आधी की धारासना?

आठवीच्या इतिहासात ‘सविनय कायदेभंग चळवळ’ हे प्रकरण शिकवून झाले की घटक चाचणीत हमखास एक प्रश्न येतो : पुढील घटना कालानुक्रमे लिहा. समजा, त्याखाली पाच घटना दिल्या आहेत. (अ) धारासना येथील सत्याग्रह, (आ) सोलापुरात मार्शल लॉ, (इ) दांडी येथे मिठाचा कायदा मोडला, (ई) गांधीजींना अटक, (उ) गांधी-आयर्विन करार.

बऱ्याच मुलांचे उत्तर असे येऊ शकते : दांडी, धारासना, अटक, सोलापूर, करार. हे उत्तर चुकीचे आहे, पण अंदाधुंद ठोकून दिलेले नाही. दांडीलाही मीठ आणि धारासनालाही मीठ, म्हणून मुलाने ती दोन्ही शेजारी बसवली. विषय एक, तेव्हा काळही लागूनच असणार, असा त्याचा हिशेब. क्रम लावायचा प्रश्न नीट काढला तर मुलाच्या डोक्यातला असा हिशेब कागदावर उतरतो. शिक्षकाला नेमके तेच पाहायचे असते.

बरोबर क्रम असा आहे. गांधीजी १२ मार्च १९३० रोजी साबरमती आश्रमातून निघाले, सुमारे ३८५ किलोमीटर चालून ५ एप्रिलला दांडीला पोहोचले आणि ६ एप्रिलच्या सकाळी त्यांनी मिठाचा कायदा मोडला. ४ मेच्या मध्यरात्रीनंतर त्यांना दांडीजवळच्या कराडी गावी अटक झाली. १२ मे रोजी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. धारासनाचा मोठा सत्याग्रह २१ मेचा. गांधी-आयर्विन करार झाला ५ मार्च १९३१ रोजी. म्हणजे पाचपैकी चार घटना अवघ्या दीड महिन्यात घडल्या. नुसती साले पाठ करून त्यांचा क्रम लागत नाही, कारण चौघींचे साल एकच आहे.

मग तो लावायचा कसा? धारासनाच्या मिठागारावर चालून जाणाऱ्या सत्याग्रहींचे नेतृत्व कोणी केले, हे पाठ्यपुस्तकात दिलेले असते : सरोजिनी नायडू यांनी. लाठ्यांचे घाव पडत होते आणि सत्याग्रहींच्या रांगा हात न उचलता पुढे जात होत्या, हे वर्णन मुलांना आठवते. पण त्या दिवशी गांधीजी तिथे का नव्हते, हा प्रश्न फार थोडी मुले स्वतःला विचारतात. ते तुरुंगात होते म्हणून. त्यांच्या मागून नेतृत्व अब्बास तय्यबजींकडे आले, त्यांनाही अटक झाली, तेव्हा ते सरोजिनीबाईंकडे गेले. एवढे लक्षात आले की ‘आधी अटक, मग धारासना’ हा क्रम तारीख न आठवताही सांगता येतो.

सोलापूरचेही तसेच. गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि त्या गिरणगावात वातावरण पेटले, म्हणजे सोलापूर अटकेनंतरच येणार. मात्र सोलापूर आणि धारासना यांच्यात आधी कोण, हे तर्काने ठरत नाही. दोन्ही घटना अटकेनंतरच्या आहेत आणि एकीमुळे दुसरी घडलेली नाही. ती जोडी तारखेनेच लावावी लागते, आणि हे शिक्षकाने वर्गात उघड सांगायला हवे. क्रमातले काही सांधे कारणाने जोडलेले असतात, काही फक्त कॅलेंडरने. कोणता सांधा कसला, हे कळलेल्या मुलाला पाठ करण्याचे ओझे बरेच कमी होते.

गुण देताना इथेच अन्याय होतो. दांडी, धारासना, अटक, सोलापूर, करार हे उत्तर जागेनुसार तपासले तर पहिली आणि शेवटची जागा बरोबर, मधल्या तिन्ही चूक. पाचपैकी दोनच गुण पडतात. प्रत्यक्षात त्या मुलाने एकच घटना चुकीच्या जागी ठेवली आहे. धारासना उचलून सोलापूरनंतर ठेवले की सारा क्रम जुळतो. म्हणून किती घटना हलवल्यावर क्रम बरोबर होतो, हे मोजून तपासणे जास्त न्याय्य. त्या हिशेबाने या मुलाला चार गुण मिळतात, आणि त्याचा गोंधळ नेमका कुठे झाला तेही शिक्षकाला समजते.

आता याच घटनांवरचा दुसरा प्रश्न घेऊ : गांधीजींना अटक का झाली? बहुतेक वह्यांत उत्तर असते, ‘त्यांनी मिठाचा कायदा मोडला म्हणून.’ कालरेषेवर बोट ठेवले की हे उत्तर अपुरे असल्याचे दिसते. कायदा मोडला ६ एप्रिलला आणि अटक झाली मे महिन्यात. कायदा मोडणे एवढेच कारण असते तर सरकार जवळजवळ महिनाभर का थांबले? अटकेने लोक आणखी खवळतील, ही सरकारला धास्ती होती. मेच्या सुरुवातीला गांधीजींनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना पत्र लिहून धारासनाच्या सरकारी मिठागारावर सत्याग्रह करण्याचा इरादा कळवला. समुद्रकाठचे मूठभर मीठ उचलणे वेगळे आणि सरकारच्या साठ्यावरच चालून जाणे वेगळे. त्यानंतर अटक लांबली नाही.

इथे हुशार मुलेही अडखळतात. धारासना अटकेनंतर घडले, मग ते अटकेचे कारण कसे होईल? उत्तर असे की अटकेमागे होती ती धारासनाची घोषणा, आणि अटकेनंतर घडला तो धारासनाचा सत्याग्रह. इतिहासात बेत, इशारा आणि कृती या तीन वेगवेगळ्या घटना असतात आणि कालरेषेवर त्यांच्या तीन वेगळ्या खुणा कराव्या लागतात. वर्गात फळ्यावर ‘धारासनाचे पत्र’ अशी सहावी खूण अटकेच्या अलीकडे मांडली की गुंता सुटतो.

‘सकारण स्पष्ट करा’ या प्रकारात तर सर्वांत जास्त गुण वाया जातात. विधान घेऊ : ‘सोलापुरात मार्शल लॉ पुकारण्यात आला.’ त्यावर ठराविक उत्तर येते, ‘सोलापूरच्या जनतेने इंग्रजांच्या अन्यायाविरुद्ध मोठा लढा दिला, म्हणून सरकारने मार्शल लॉ पुकारला.’ यातले ‘सोलापूर’ काढून तिथे चंपारण, बार्डोली किंवा सातारा घातले तरी वाक्य तसेच चालते. जे कारण कोणत्याही घटनेला चिकटवता येते, त्याने ही घटना स्पष्ट झालेली नसते. उत्तर तपासण्याची ही सोपी कसोटी मुलांच्याही हाती देता येते : नाव बदलून पाहा, आणि मग ‘इथेच का? तेव्हाच का?’ असे विचारा.

या दोन प्रश्नांनी सोलापूरचे उत्तर भरत जाते. इथेच का? सोलापूर कापड गिरण्यांचे शहर होते. एका हाकेवर बाहेर पडणारा मोठा कामगारवर्ग तिथे होता. तेव्हाच का? गांधीजींच्या अटकेची बातमी पोहोचली, हरताळ पडला, गिरणी कामगार रस्त्यावर आले. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. चिडलेल्या जमावाने पोलीस चौकी आणि न्यायालयाच्या इमारतीवर हल्ले केले. शहरावरचा सरकारचा ताबा सुटला, आणि तो परत मिळवण्यासाठी मार्शल लॉ आला. अटक, हरताळ, गोळीबार, उद्रेक, मार्शल लॉ, अशी ही साखळी आहे. तिच्यातली एक कडी काढली की पुढची कडी अधांतरी राहते. विशेषतः गोळीबार वगळला तर लोकांनी विनाकारण जाळपोळ केली असे वाटू लागते.

या साखळीचा पुढचा परिणाम १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात घडला. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना त्या दिवशी फाशी देण्यात आले. ही तारीख मुलांना सांगताना तिच्या दोन्ही बाजूंना काय आहे तेही सांगावे. अलीकडे नोव्हेंबर १९३० मध्ये लंडनला सुरू झालेली पहिली गोलमेज परिषद आहे, जिच्याकडे काँग्रेसने पाठ फिरवली. पलीकडे जानेवारी १९३१ च्या अखेरीस झालेली गांधीजींची सुटका आहे. काँग्रेसवाचून वाटाघाटींना अर्थ नाही हे सरकारच्या ध्यानात आले, म्हणून सुटका झाली. सुटकेमुळे बोलणी शक्य झाली, आणि बोलण्यांतून मार्चमधला करार झाला.

करारानंतर अठरा दिवसांनी, २३ मार्च १९३१ रोजी, लाहोरमध्ये भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी झाली. हा क्रम अनेक मुले उलटा लावतात. त्याचे एक कारण पुस्तकाच्या रचनेत आहे. सशस्त्र क्रांतिकारकांची माहिती वेगळ्या प्रकरणात येते, त्यामुळे दोन्ही प्रवाह एकाच वर्षांत वाहत होते याची जाणीवच होत नाही. कराराने सत्याग्रही कैदी सुटणार होते, पण हिंसेचा आरोप असलेल्यांना ती सवलत नव्हती. म्हणूनच फाशीनंतर देशात करारावरही संताप उसळला. फाशी आधी आणि करार नंतर असे समजणाऱ्या मुलाला हा संताप कळूच शकत नाही.

दोन प्रकरणे जोडणारी आणखी एक साखळी सायमन कमिशनपासून निघते. कमिशनवर एकही भारतीय नव्हता, म्हणून १९२८ मध्ये ठिकठिकाणी निदर्शने झाली. ३० ऑक्टोबरला लाहोरच्या निदर्शनात लाला लजपतराय लाठीमारात जखमी झाले आणि १७ नोव्हेंबरला वारले. बरोबर महिन्याने, १७ डिसेंबरला, क्रांतिकारकांनी साँडर्सला गोळ्या घातल्या. त्याच कमिशनवरच्या रोषातून दुसरीकडे नेहरू अहवाल तयार झाला. त्यातली वसाहतीच्या स्वराज्याची मागणी सरकारने मानली नाही, तेव्हा डिसेंबर १९२९ मध्ये लाहोर अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला. त्या ठरावातून दांडीचा रस्ता निघाला. उगम एक, धारा दोन. एका धारेच्या टोकाला २३ मार्च आहे, तर दुसरीच्या टोकाला ५ मार्च.

तेव्हा येत्या चाचणीचा कागद काढताना शिक्षकांनी १८५७, १९२०, १९३० आणि १९४२ अशा लांब लांबच्या घटना देण्याऐवजी एकाच वर्षातल्या चार-पाच घटना द्याव्यात, त्यांतली एखादी दुसऱ्या प्रकरणातून घ्यावी, आणि क्रमाखाली एक ओळ मोकळी ठेवून विचारावे : यांपैकी कोणत्या दोन घटना एकमेकींमुळे घडल्या आणि कोणत्या नुसत्या एकीमागून एक आल्या? या एका ओळीसाठी दोन गुण ठेवले तरी पुरे.