सोनेरी रंगाच्या कुलुपाची किल्ली

पेणमधल्या शाडूच्या गणेशमूर्तींच्या एखाद्या कारखान्याची साठ्याची वही डोळ्यांसमोर आणा. आकडे नमुन्याचे आहेत, पण पेच खरा आहे. वहीत 40 वस्तू आहेत. सोनेरी रंगाचा लिटर अडीच हजारांचा, म्हणून तो कपाटात कुलूपबंद. शाडूचे पोते अवघे 250 रुपयांचे, म्हणून पोती पडवीत कशीही रचलेली, ती कोणी मोजत नाही. दरवर्षी मोसम संपला की हिशेब जुळत नाही, आणि संशय मात्र कपाटावर जातो.

मग हिशेबनीस एक नवा रकाना आखतो. वर्षभरात लागलेला माल गुणिले दर. सोनेरी रंग लागला 8 लिटर, म्हणजे 20 हजार. शाडूची पोती लागली 2,000, म्हणजे 5 लाख! साध्या रंगांचे 1 लाख, साच्यांच्या रबराचे 40 हजार. रक्कम मोठी ती वर, अशी यादी मांडली तर सगळ्या 8 लाखांच्या खरेदीपैकी 6 लाख 40 हजार, म्हणजे 80 टक्के पैसा, पहिल्या तीन वस्तूंत निघतो. सोनेरी रंगाच्या वाट्याला अडीचच टक्के. पहारा आजवर चुकीच्या दारावर होता.

नेमकी हीच मांडणी जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या एच. फोर्ड डिकी यांनी 1951 मध्ये एका लेखातून उद्योगजगापुढे ठेवली. वरच्या मोजक्या वस्तू ए, मधल्या बी, उरलेला मोठा घोळका सी. थोड्यांच्या हाती बहुतेक संपत्ती असते, हे इटालियन अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेदो पारेतो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवले होते. डिकींनी तो डोळा गोदामाकडे वळवला.

आता शाडूची पोती दर आठवड्याला मोजायची, थोडी थोडी मागवायची आणि भावासाठी दोन-तीन व्यापाऱ्यांकडे विचारायचे. पोत्यामागे दहा रुपये सुटले तरी वर्षाला 20 हजार वाचतात, म्हणजे सगळ्या सोनेरी रंगाची किंमत. खिळे, सुतळी, पॉलिश पेपर मोसमाच्या सुरुवातीला एकदाच भरपूर आणावेत. ते मोजण्यात माणसाचा दिवस घालवणे महाग पडते.

पण इथेच एक खड्डा आहे. डोळ्यांच्या आखणीचा बारीक ब्रश यादीत तळाशी, सी गटात पडतो. तो संपला तर तयार मूर्ती रांगेत अडून राहतात. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांनाही हाच धोका असतो. पंपाचे सील वर्षात एखाद्याच वेळी लागते, रक्कम किरकोळ दिसते, पण ते नसेल तर पंप बंद आणि त्यामागची प्रक्रियाही बंद. म्हणून जाणते भांडारपाल रकमेच्या रकान्याशेजारी दुसरा ठेवतात: ही वस्तू नसेल तर काम थांबते का? थांबत असेल, तर ती सी गटात असली तरी तिचा राखीव साठा हलवायचा नाही.

शिवाय यादी दर मोसमाला नव्याने मांडावी लागते. भाव चढतात, मागणी बदलते, आणि गेल्या वर्षी बी गटात असलेले रबर यंदा ए गटात येऊन बसते.