एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन मनोरे

४ ऑगस्ट २००३ रोजी बर्लिन शहरात अँटेनावर दिसणारा जुना अॅनालॉग टीव्ही कायमचा बंद झाला. एवढ्या मोठ्या शहराने अॅनालॉग प्रक्षेपण पूर्णपणे सोडून डिजिटल प्रक्षेपण स्वीकारण्याची ती जगातली पहिलीच वेळ. त्या बदलाची बातमी सगळीकडे झाली, पण त्यातली तांत्रिकदृष्ट्या धाडसी गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. शहराच्या मध्यभागी आलेक्झांडरप्लाट्झचा उंच मनोरा आहे आणि नैर्ऋत्येला साधारण २२ किलोमीटरवर शेफरबर्ग टेकडीवरचा दुसरा. हे दोन्ही मनोरे एकाच चॅनलवर, एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच वेळी प्रक्षेपण करू लागले. यालाच सिंगल फ्रिक्वेन्सी नेटवर्क म्हणतात.

अॅनालॉगच्या काळात असं काही करणं म्हणजे दोन्ही केंद्रांच्या प्रेक्षकांचं वाटोळं करणं होतं. ज्यांनी गच्चीवरच्या अँटेना हाताने फिरवल्या आहेत त्यांना पडद्यावरची ‘भुतं’ आठवत असतील. निवेदिकेच्या उजवीकडे तिचीच फिकट सावली उभी दिसायची. समोरच्या उंच इमारतीवर आपटून आलेली लहर थेट लहरीपेक्षा एक-दोन मायक्रोसेकंद उशिरा पोचायची, आणि तेवढा उशीर चित्र बिघडवायला पुरायचा. म्हणून शेजारशेजारच्या केंद्रांना नेहमी वेगवेगळे चॅनल दिले जात. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्याजवळ सिंहगडावर त्याचं सहक्षेपण केंद्र उभं राहिलं, तेव्हा कार्यक्रम तोच असूनही चॅनल वेगळा ठेवावा लागला. एकच कार्यक्रम राज्यभर पोचवायला अनेक फ्रिक्वेन्सी खर्ची पडत.

मग बर्लिनला हे कसं जमलं? प्रेक्षकाच्या अँटेनाला दुसरा मनोरा म्हणजे एक ठळक, उशिरा येणारा प्रतिध्वनीच असतो. लहर भिंतीवर आपटून आली की दुसऱ्या मनोऱ्यावरून निघाली, हे अँटेनाला कळत नाही. प्रतिध्वनी पचवण्याची सोय प्रक्षेपणाच्या पद्धतीतच असली, तर दुसरा मनोराही आपोआप पचतो. युरोपने स्वीकारलेल्या डीव्हीबी-टी या पद्धतीत नेमकी ती सोय आहे.

या पद्धतीत चित्राची माहिती एकाच लहरीवर भराभर चढवली जात नाही. ८ मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलमध्ये, ‘८के’ नावाच्या प्रकारात, ६८१७ बारीक वाहक लहरी शेजारी शेजारी बसवलेल्या असतात आणि सगळी माहिती त्यांच्यात वाटून दिलेली असते. प्रत्येक वाहकाच्या वाट्याला थोडीच माहिती येत असल्याने तो सावकाश चालू शकतो. एक चिन्ह तो ८९६ मायक्रोसेकंद धरून ठेवतो. घुमणाऱ्या सभामंडपात गायकाने भराभर ताना घेतल्या तर एकीचा प्रतिध्वनी दुसरीत मिसळून गोंधळ होतो, पण त्याने षड्ज लांबवला तर प्रतिध्वनी त्याच सुरात मिसळून जातो. ८९६ मायक्रोसेकंदांचं चिन्ह हा असा लांबवलेला सूर आहे.

तरीही जिथे एक चिन्ह संपून दुसरं सुरू होतं त्या सांध्यावर अडचण उरतेच. उशिरा येणारी लहर तिथे मागचंच चिन्ह सांगत असते. त्यावरचा उपाय म्हणजे गार्ड इंटर्व्हल. प्रत्येक चिन्हाआधी थोडा जादा वेळ ठेवायचा आणि टीव्हीने तो ऐकून सोडून द्यायचा. बर्लिनने हा वेळ चिन्हाच्या एक अष्टमांश, म्हणजे ११२ मायक्रोसेकंद ठेवला. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, तेव्हा ११२ मायक्रोसेकंद म्हणजे सुमारे ३३.६ किलोमीटर. दोन मनोऱ्यांत अंतर २२ किलोमीटरचं आहे. प्रेक्षक कुठेही उभा असला तरी दोन्ही मनोऱ्यांपासूनच्या त्याच्या अंतरांतला फरक २२ किलोमीटरपेक्षा, म्हणजे ७४ मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त होऊच शकत नाही. दोन्हीकडून लहरी एकाच क्षणी निघाल्या तर सगळं शहर सुरक्षित राहतं.

शहराच्या नैर्ऋत्येच्या झेलेनडॉर्फ भागातलं एक घर घेऊ. तिथून शेफरबर्ग साधारण ९ किलोमीटर आणि आलेक्झांडरप्लाट्झ १४ किलोमीटर. फरक ५ किलोमीटरचा, म्हणजे जेमतेम १७ मायक्रोसेकंदांचा. शेफरबर्गचं नवं चिन्ह पोचलं की पुढचे १७ मायक्रोसेकंद दुसरा मनोरा मागचं चिन्ह संपवत असतो. हा गोंधळ गार्ड इंटर्व्हलच्या आत घडतो आणि टीव्ही तो भाग टाकूनच देतो. त्यानंतर दोन्ही मनोरे एकच चिन्ह सांगू लागतात, आणि टीव्हीला हवे असलेले ८९६ मायक्रोसेकंद सुरू व्हायला अजून ९५ मायक्रोसेकंद शिल्लक असतात.

हा जादा वेळ मोकळा, निःशब्द ठेवलेला नसतो, आणि मला या रचनेतली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. चिन्हाच्या शेवटच्या ११२ मायक्रोसेकंदांची हुबेहूब नक्कल त्याच्या पुढे जोडलेली असते. प्रत्येक वाहक ८९६ मायक्रोसेकंदांत नेमकी पूर्ण आवर्तनं करतो, आणि एवढ्या गर्दीतही वाहक एकमेकांपासून वेगळे काढता येतात ते याच गुणामुळे. गार्डच्या जागी शांतता असती, तर टीव्हीच्या खिडकीत उशिरा आलेल्या लहरीचा सुरुवातीचा भाग रिकामा पडला असता, आवर्तनं अपुरी राहिली असती आणि एका वाहकाची माहिती शेजारच्यात सांडली असती. शेपूट पुढे जोडल्यामुळे खिडकी थोडी अलीकडे-पलीकडे सरकली तरी आत पूर्णच आवर्तनं सापडतात. उशीर झालेली लहर फक्त थोडी फिरलेली, म्हणजे कला बदललेली दिसते.

कला बदलल्याचा परिणाम मात्र होतोच. दोन लहरी काही वाहकांवर एकमेकींना जोर देतात, काहींवर एकमेकींना पुसून टाकतात. झेलेनडॉर्फच्या घरी दोन्ही मनोरे सारख्याच ताकदीने पोचले असं धरलं, तर १७ मायक्रोसेकंदांच्या फरकामुळे साधारण दर ६० किलोहर्ट्झवर एक खड्डा पडेल, म्हणजे सुमारे ५४ वाहकांमागे एक वाहक जवळजवळ नाहीसा होईल. हे खड्डे कुठे आहेत ते टीव्हीला कळावं म्हणून ठरावीक वाहकांवर आधीच माहीत असलेली खूण पाठवलेली असते. टीव्ही त्यावरून प्रत्येक वाहक किती दुबळा झाला ते मोजतो, दुबळ्यांवर कमी विश्वास ठेवतो आणि हरवलेली माहिती चूकदुरुस्तीच्या जादा आकड्यांतून भरून काढतो.

यातून एक अनपेक्षित गोष्ट निघते. दोन लहरी अगदी एकदम, समान ताकदीने पोचणं हे चांगलं नाही. फरक ०.१ मायक्रोसेकंद असेल तर खड्ड्यांमधलं अंतर १० मेगाहर्ट्झ होतं, म्हणजे अख्खा चॅनल एकाच खड्ड्यात जाऊ शकतो. म्हणून दोन मनोऱ्यांच्या बरोबर मध्ये दाट वस्ती असली तर अभियंते एका मनोऱ्याला मुद्दाम थोडा उशीर देतात. तिथे प्रतिध्वनी नुसता चालवून घेतला जात नाही, तो हवाच असतो.

या साऱ्यासाठी तीन गोष्टी काटेकोर लागतात. दोन्ही मनोऱ्यांची फ्रिक्वेन्सी एक हर्ट्झच्या आसपासच्या अचूकतेने जुळली पाहिजे, कारण शेजारच्या दोन वाहकांत अंतर फक्त १११६ हर्ट्झचं असतं. चिन्हं निघण्याची वेळ मायक्रोसेकंदाच्या आसपास जुळली पाहिजे. आणि प्रत्येक वाहकावरची माहिती तंतोतंत तीच असली पाहिजे. पहिल्या दोन्हींसाठी प्रत्येक केंद्रावर जीपीएसचं घड्याळ असतं. मुख्य केंद्रातून निघणाऱ्या प्रवाहात एक खास पाकीट घातलेलं असतं, अमुक गठ्ठा अमुक क्षणी सोडा असं सांगणारं. जवळच्या केंद्राला प्रवाह लवकर मिळतो, लांबच्याला उशिरा, पण तो क्षण येईपर्यंत दोघंही थांबतात. तिसऱ्या अटीचा परिणाम प्रेक्षकालाही जाणवतो. अशा जाळ्यातल्या एखाद्याच मनोऱ्यावरून स्थानिक बातम्या किंवा गावापुरती जाहिरात दाखवता येत नाही, कारण वेगळी माहिती सोडणारा मनोरा इतरांचा प्रतिध्वनी न राहता त्यांचा व्यत्यय होतो.

बिघाडही याच वाटेने येतो. एखाद्या केंद्राच्या जीपीएस अँटेनाची केबल तुटली तर आतलं स्फटिकाचं घड्याळ काही तास वेळ सांभाळतं, मग हळूहळू सरकू लागतं. आठवड्याभराने नवा भाग सुटा करून पाहू, असं म्हणण्याची सोय इथे नसते. वेळ मर्यादेबाहेर गेली की त्या केंद्राने स्वतःहून गप्प बसणं हेच जाळ्याच्या हिताचं असतं. तसं झालं नाही तर घरोघरी एक चमत्कारिक तक्रार येते. सिग्नलची पट्टी पूर्ण भरलेली, आणि चित्राचे चौकोनी तुकडे पडताहेत. ताकद भरपूर असते, पण तिच्यातला एक हिस्सा गार्डच्या बाहेर पडून आता गोंगाट झालेला असतो. तंत्रज्ञ अशा वेळी ताकद न बघता मीटरवर प्रतिध्वनींचा आलेख काढतो. पहिली रेघ शून्यावर, दुसरी १७ मायक्रोसेकंदांवर, आणि गार्डच्या सीमेपलीकडे एखादी रेघ दिसली की चोर सापडला. उन्हाळ्यात समुद्रावरच्या उबदार हवेच्या थरांमुळे दूरच्या केंद्राची लहर एरवीपेक्षा फार लांब येते, तेव्हाही अशी परकी रेघ उगवते, आणि हवामान बदललं की नाहीशी होते.

सगळीकडे मोठाच गार्ड का ठेवत नाहीत? कारण त्या वेळात नवी माहिती जात नाही. बर्लिनच्या निवडीत एका चॅनलमधून सेकंदाला १४.७५ मेगाबिट जात होते. गार्ड दुप्पट, २२४ मायक्रोसेकंदांचा केला असता तर १३.२७ उरले असते.

मुंबई आणि सिंहगडाचं गणित यावरून मांडून पाहता येतं. वरळीचा मनोरा ते सिंहगड सरळ रेषेत साधारण १२२ किलोमीटर, म्हणजे ४०७ मायक्रोसेकंद. ८के प्रकारात गार्ड जास्तीत जास्त २२४ मायक्रोसेकंदांचा. तेव्हा बर्लिनच्या पद्धतीने ही जोडी एका फ्रिक्वेन्सीवर बसवायची तर सह्याद्रीच्या आडोशावर आणि अँटेनाच्या दिशेवर बरंच काही सोडावं लागेल. पुढच्या पिढीच्या डीव्हीबी-टी२ मध्ये, जी दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबई आणि औरंगाबादसह १६ शहरांत आणली, ३२के नावाचा प्रकार आहे. त्यात एक चिन्ह ३५८४ मायक्रोसेकंद चालतं, त्यामुळे तोच एक अष्टमांश गार्ड ४४८ मायक्रोसेकंदांचा होतो. वरळी आणि सिंहगड त्यात मावतात. त्याची किंमत म्हणजे वाहक चौपट दाट बसतात, म्हणून हा प्रकार घरच्या स्थिर अँटेनासाठी उत्तम आणि धावत्या गाडीतल्या टीव्हीसाठी कच्चा ठरतो.